घंटा वाजते तेव्हाच अर्धं बोलून झालेलं असतं

फोन वाजला आणि कुणीतरी उचलला, तर आधी कोण बोलतं? ज्यानं उचलला तो. इतकी साधी गोष्ट की ती सांगायचीही गरज वाटत नाही. पण जरा थांबून पाहा, यात काहीतरी उलटं आहे. काम असतं फोन करणाऱ्याचं. काय बोलायचं ते त्याला ठाऊक असतं, कुणाला फोन लावला तेही ठाऊक असतं. उचलणाऱ्याला यातलं काहीच माहीत नसतं. तरीही माहिती असलेला गप्प राहतो आणि माहिती नसलेला तोंड उघडतो.

१९६० च्या दशकात इमॅन्युअल शेग्लॉफ नावाचा एक तरुण अमेरिकी समाजशास्त्रज्ञ पोलिसांच्या टेलिफोन संभाषणांच्या ध्वनिफिती ऐकत बसला होता. सुमारे पाचशे फोन. त्याला रस होता तो प्रत्येक फोनच्या फक्त सुरुवातीच्या क्षणांत. ‘उचलणारा आधी बोलतो’ हा नियम त्यानं लिहून काढला आणि पाचशेंवर लावून पाहिला. सगळीकडे बसला, एक सोडून. त्या एका फोनमध्ये पोलिसांनीच कुणालातरी फोन लावला होता. पलीकडे रिसीव्हर उचलला गेला, पण आवाज आला नाही. एक सेकंद शांतता. मग फोन करणारा पोलीसच म्हणाला, ‘हॅलो.’ आणि त्यानंतर उत्तर आलं, ‘अमेरिकन रेड क्रॉस.’

दुसऱ्या कुणी हा एक नग अपवाद म्हणून बाजूला टाकला असता. शेग्लॉफनं त्या एका सेकंदासाठी अख्खा नियम मोडून पुन्हा मांडला. त्याचं म्हणणं असं : संभाषणातली पहिली पायरी ‘हॅलो’ नाहीच, पहिली पायरी म्हणजे घंटा. घंटा ही हाक आहे आणि ‘हॅलो’ ही त्या हाकेला दिलेली ‘ओ’. त्या अपवादात हाकेला ओ मिळाली नाही, म्हणून पोलिसानं पुन्हा हाक मारली, या वेळी तोंडानं. त्याचं ‘हॅलो’ म्हणजे दुसरी घंटा होती. असं पाहिलं की अपवाद अपवाद राहत नाही. १९६८ साली त्याचा लेख छापून आला आणि माणसं बोलणं सुरू कसं करतात याचा बारकाईनं अभ्यास करणारी एक शाखा हळूहळू उभी राहिली.

मला ही गोष्ट कळली तेव्हा पहिली आठवण झाली ती प्रत्येक कार्यालयात, बँकेत आणि कस्टमर केअरवर ऐकू येणाऱ्या त्या वाक्याची : ‘नमस्कार, आपलं स्वागत आहे, मी आपली काय मदत करू शकतो?’ हे वाक्य शिळं झालंय याबद्दल वाद नाही. ते शिळं का झालंय याची नेहमी दिली जाणारी कारणं मात्र मला पटत नाहीत. म्हणे त्यात आपुलकी नाही. म्हणून मग कंपन्या त्यावर आपुलकीचा मुलामा चढवतात. ‘आपला दिवस मंगलमय होवो’ जोडतात, आवाज हसरा ठेवायला सांगतात, समोरच्याचं नाव वाक्यावाक्यात पेरायला लावतात. शेग्लॉफच्या बाजूनं पाहिलं तर दुखणं वेगळंच दिसतं. हे वाक्य घंटा ऐकू आलीच नाही असं वागतं. वाजणाऱ्या घंटेनं बरंच काही सांगून टाकलेलं असतं. कोणत्या नंबरवर वाजली, किती वाजता, कोणत्या ऋतूत, कोणत्या भागातून. ते सगळं पुसून टाकून हे वाक्य कोऱ्या पाटीपासून सुरुवात करतं आणि पाटीवर लिहायचं काम समोरच्यावर सोपवतं.

आमच्या वसईच्या मासळी बाजारात असं कुणी करत नाही. टोपलीमागे बसलेली कोळीण तुम्हाला ‘काय मदत करू’ असं विचारत नाही. ती तुमच्या पिशवीकडे आणि तुमच्या नजरेकडे बघते आणि थेट मासा पुढे करते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना समुद्र बंद असतो. त्या दिवसांत तिच्या तोंडी सुकटीचं, सुक्या बोंबलाचं नाव आधी येतं. बंदी उठली की हाक बदलते. तिचं पहिलं वाक्य म्हणजे एक अंदाज असतो आणि तो चुकला तरी काही बिघडत नाही. तुम्ही म्हणता, ‘नको, कोळंबी आहे का?’ आणि व्यवहार दुसऱ्याच वाक्याला मार्गी लागतो. गोड बोलायचा तिचा आग्रह नसतो. कित्येकदा तर स्वर चढलेलाच असतो. तरी तिथे अवघडल्यासारखं होत नाही, कारण तिनं तुमचं अर्धं काम आधीच उचललेलं असतं.

गोड स्वर आणि उचललेलं काम या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे ब्रिटनमधल्या एका अभ्यासात फार छान दिसलं. एलिझाबेथ स्टोको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन दवाखान्यांत रिसेप्शनवर येणारे शेकडो फोन ऐकले आणि २०१६ साली निष्कर्ष मांडले. रुग्णांचं समाधान सर्वेक्षणातून आधीच मोजलेलं होतं. प्रश्न एवढाच होता की कमी समाधानाच्या दवाखान्यात फोनवर नेमकं वेगळं काय घडतं. उत्तर उद्धटपणात सापडलं नाही. फरक होता संभाषण पुढे कोण ढकलतं यात. एके ठिकाणी रिसेप्शनिस्ट म्हणायची, ‘आज जागा नाही,’ आणि थांबायची. मग रुग्णानं विचारायचं, उद्या आहे का? परवा? दुसरे डॉक्टर? दुसऱ्या ठिकाणी ‘आज नाही’ला जोडूनच पुढचा पर्याय यायचा. पहिल्या प्रकाराला त्यांनी रुग्णावरचा भार म्हटलं आणि जिथे हा भार जास्त तिथे समाधान कमी, असं दिसलं.

‘मी आपली काय मदत करू शकतो?’ हा असाच भार आहे, पहिल्याच सेकंदाला डोक्यावर ठेवलेला. समोरच्याला आता ठरवायचं असतं की आपली अडचण कोणत्या नावानं सांगायची, किती मागून सुरू करायची आणि या माणसाला त्यातलं काय लागतं.

आता एक उदाहरण पुरतं उलगडून पाहू. वसई-विरारकराच्या आयुष्यातला सर्वांत ठरलेला फोन कोणता? लाईट गेल्याचा. समजा, जूनमधला पहिला जोराचा पाऊस आहे, रात्रीचे साडेदहा वाजलेत आणि विरार पूर्वेच्या एका चार मजली इमारतीतून वीज कार्यालयात फोन जातो. उचलणारा म्हणतो, स्वागत आहे, काय मदत करू? फोन करणारी बाई म्हणते, ‘लाईट गेली आहे हो.’ तो म्हणतो, ग्राहक क्रमांक सांगा. बारा आकडी क्रमांक बिलावर असतो, बिल कपाटात आणि कपाट अंधारात. मोबाइलचा टॉर्च लावायचा, तर मोबाइल कानाला. मिनिटभरानं क्रमांक मिळतो. मग पत्ता, मग कधीपासून. आणि हे सगळं झाल्यावर तक्रार लिहिली जाते : ‘वीज नाही.’ वायरमनला या दोन शब्दांतून काहीच कळत नाही. शिडी घ्यायची की फ्यूजची तार, घरात शिरायचं की नाक्यावरच्या डीपीकडे जायचं, यातलं काही नाही.

वायरमनला जे हवं असतं ते एका प्रश्नात मिळतं : अंधार किती दूर पसरलाय? बिघाड कुठे आहे हे अंधाराचा आकार सांगतो. फक्त एकाच घरात अंधार असेल तर दोष त्या घराच्या स्विचबोर्डात, मीटरपाशी किंवा घराकडे येणाऱ्या तारेत. बऱ्याचदा एमसीबी पडलेला असतो आणि तो वर केला की काम संपतं. अख्खी इमारत काळोखात आणि समोरची उजेडात असेल तर इमारतीकडे येणारी केबल किंवा पिलरमधला फ्यूज. गल्ली गेली असेल तर ट्रान्सफॉर्मर. आणि खिडकीतून पार दूरपर्यंत काहीच दिसत नसेल, तर फीडर. त्या स्थितीत या फोनची वेगळी तक्रार नोंदवून फारसा उपयोग नाही, कारण दोष कळलेला असतो आणि माणसं कामाला लागलेली असतात.

यात एक गंमत आहे. इमारतीला वीज तीन फेजमधून येते आणि घरं त्या तिन्हींवर वाटलेली असतात. एकच फेज गेली तर काही घरांत अंधार आणि शेजारी टीव्ही चालू, असा चमत्कारिक प्रकार दिसतो. फोन करणाऱ्याला वाटतं की दोष आपल्याच घरात आहे. तो इलेक्ट्रिशियन बोलावतो, बोर्ड उघडायला लावतो, पैसे देतो आणि दोष असतो खाली पिलरमध्ये. हे ओळखायची सोपी खूण लिफ्टमध्ये आहे. लिफ्टची मोटर सहसा तिन्ही फेजवर चालते. एक फेज गेली की ती सुरक्षिततेसाठी थांबते. म्हणून ‘काही घरांत लाईट आहे, काहींत नाही आणि लिफ्ट बंद आहे’ एवढं ऐकलं की जाणत्या माणसाला खुर्चीत बसूनच दोष दिसतो. लिफ्टला जनरेटर असेल तर मात्र ही खूण फसते, हे धरून चालायचं.

म्हणून त्या रात्री फोन उचलणाऱ्यानं पहिलं वाक्य असं म्हटलं तर काय होईल ते पाहा : ‘नमस्कार, वीज कार्यालय, विरार पूर्व. लाईट गेलीय ना? तुमच्या एकट्याकडे, की जिन्यातलीही गेलीय?’

या प्रश्नातला जिना महत्त्वाचा आहे. ‘सगळ्या बिल्डिंगची गेली का?’ असं विचारलं तर बाईंना शेजाऱ्यांची दारं ठोठावावी लागतील, किंवा मग त्या अंदाजानं ‘हो’ म्हणतील. जिन्यातल्या दिव्याला सोसायटीचा वेगळा मीटर असतो आणि दिवा दार किलकिलं करून दिसतो. म्हणजे प्रश्न असा हवा की ज्याचं उत्तर विचारलेल्या माणसाला उभ्या जागेवरून देता येईल. बाई म्हणतात, ‘जिन्यात आहे, आमच्याकडे नाही.’ पुढचा प्रश्न : ‘समोरच्या घरात?’ ‘त्यांच्याकडेही नाही.’ ‘लिफ्ट?’ ‘बंद आहे.’ तीन प्रश्नांत वायरमनला कळलं की खालचा पिलर उघडायचा आहे. ग्राहक क्रमांक अजून विचारलेलाच नाही. इमारतीचं नाव पुरेसं आहे.

एक प्रश्न मात्र यातही सुटता कामा नये : दिवा पूर्ण गेलाय, की मंद-प्रखर होतोय? पंखा अचानक जोरात फिरतोय, ट्यूब लुकलुकतेय, एका खोलीत दिवा मिणमिणता, असं असेल तर न्यूट्रलची तार तुटलेली असू शकते. मग घरात २३० व्होल्टच्या जागी कितीतरी जास्त दाब येऊ शकतो, दोन फेजमधल्या ४०० च्या आसपासच्या दाबाकडे झुकणारा. फ्रिज, टीव्ही जळतात ते असे. इथे बाईंना थांबवून सांगावं लागतं, आधी मेन स्विच बंद करा, मग बोलू. ‘काय मदत करू शकतो’ला ही बातमी कधीच आपणहून मिळत नाही. ‘लाईट कमी-जास्त होतेय’ ही फोन करणाऱ्याच्या दृष्टीनं किरकोळ तक्रार असते, ती शेवटी सांगितली जाते किंवा राहूनच जाते.

आता कुणी म्हणेल, त्या फोनवर लाईट गेल्याचंच असेल हे कशावरून? बिलाचाही असू शकतो. असू शकतो. मग बाई म्हणतील, ‘नाही, बिलाचं विचारायचं होतं.’ संपलं. चुकलेला अंदाज दुरुस्त करणं हे माणसं फार पटकन करतात. कोरा कागद भरण्यापेक्षा चुकीचा शब्द खोडणं नेहमीच सोपं. नुकसान झालंच तर दोन सेकंदांचं.

हाच विचार टोकाला नेला तर एक विलक्षण गोष्ट हाती लागते. महावितरणनं नोंदवलेल्या मोबाइलवरून वीज गेल्याची तक्रार मिस्ड कॉलनं करायची सोय ठेवली आहे. कुणी उचलत नाही, कुणी बोलत नाही, तक्रार नोंदली जाते. कुणाचा नंबर, कोणता ग्राहक, कुठला पत्ता हे आधीच जोडलेलं आहे आणि या नंबरवर वाजण्याचा अर्थ एकच. शेग्लॉफनं ओळखलेली हाक, ओ न मिळताच काम करून गेली. अर्थात जिन्यातल्या दिव्याचं आणि मंद-प्रखर होणाऱ्या बल्बचं त्या घंटेला सांगता येत नाही. ती मर्यादा आहेच.

दुसऱ्या टोकाला संकटाची वेळ. जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपारा पाण्याखाली गेलं आणि मोठ्या भागाचा वीजपुरवठा बंद होता, तो काळ इथल्या लोकांना आठवत असेल. अशा वेळी हजार फोनमधले बहुतेक एकच गोष्ट विचारणार आणि एखादाच वेगळा असणार : पाण्यात तार पडलीय, दाराला हात लावला तर झटका बसतोय. इथे पहिलं वाक्य प्रश्नाचं नसावं, बातमीचं असावं. ‘पाण्यामुळे तुमच्या भागाची वीज मुद्दाम बंद ठेवलीय, पाणी उतरल्यावर सुरू होईल. तार पडलीय किंवा शॉक बसतोय का?’ नऊशेनव्व्याण्णव जण पहिल्या वाक्यावर फोन ठेवतील आणि तो एक जण दुसऱ्या वाक्यावर ‘हो’ म्हणेल. याच कारणानं परदेशांतल्या अनेक आपत्कालीन केंद्रांनी ‘आपली अडचण काय?’ हे पहिलं वाक्य बदलून ‘आपला पत्ता काय?’ असं केलं. घाबरलेला माणूस अडचण लांबण लावून सांगतो आणि मध्येच फोन तुटला तर अडचण कळूनही गाडी कुठे पाठवायची ते कळत नाही. नुसता पत्ता कळला तरी गाडी निघू शकते.

यावरून ‘नमस्कार’ काढूनच टाकावा असं कुणाला वाटेल. मला वाटत नाही, निदान वसई-विरारमध्ये तरी. इथे फोनच्या दुसऱ्या टोकाला मराठी असेल, हिंदी असेल, गुजराती असेल. घरात सामवेदी किंवा वाडवळी बोलणारा माणूस असेल. पहिला शब्द ऐकून दोघंही भाषा ठरवतात, तीही न बोलता. ‘नमस्कार’ला ‘हां भैया, सुनिए’ असं उत्तर आलं की उचलणारा तिथल्या तिथे वळण घेतो. शिवाय आवाज नीट पोहोचेपर्यंत पहिली दोन-तीन अक्षरं हवेत जातात. ती जाणारी अक्षरं ‘नमस्कार’ची असलेली बरी, कार्यालयाच्या नावाची नकोत. नाव दुसऱ्या जागी आलं की ‘हे कुठं लागलं?’ हा प्रश्न वाचतो. म्हणजे ‘नमस्कार’ला काम आहे. ‘आपलं हार्दिक स्वागत आहे’ला ते नाही. अंधारात बसलेल्या माणसाचं कसलं स्वागत? उत्साहाची अडचण हीच आहे की अभिवादन केलं की त्याला परत अभिवादन द्यावं लागतं. घामाघूम माणसाला आता ‘शुभ संध्याकाळ’ला ‘शुभ संध्याकाळ’ म्हणायचं की ते टाळून उद्धट ठरायचं, हे ठरवावं लागतं. तो टाळतो आणि संभाषण पहिल्याच पायरीला किंचित लंगडतं.

इथवर आलेल्या वाचकाला वाटेल की मी सगळीकडे अंदाज बांधूनच सुरुवात करा म्हणतोय. डॉक्टरांच्या खोलीत हाच उपाय उलटा पडतो आणि तो का पडतो हे मला या सगळ्या विषयातलं सर्वांत नवलाचं वाटतं.

जॉन हेरिटेज आणि जेफ्री रॉबिन्सन यांनी अमेरिकेत डॉक्टरांचे पहिले प्रश्न तपासले आणि २००६ मध्ये छापले. तिथे बऱ्याचदा नर्स आधीच तक्रार लिहून घेते. म्हणून काही डॉक्टर कागद बघून म्हणतात, ‘तर तुम्हाला सर्दी झालीय?’ आणि काही डॉक्टर कागद माहीत असूनही विचारतात, ‘बोला, आज काय झालं?’ पहिल्या पद्धतीत डॉक्टर माहिती दाखवतात, दुसऱ्या पद्धतीत लपवतात. वीज कार्यालयाच्या हिशेबानं पहिली पद्धत सरस ठरायला हवी. प्रत्यक्षात मोकळा प्रश्न विचारला तेव्हा रुग्ण बराच जास्त वेळ बोलले आणि त्यांनी जास्त लक्षणं सांगितली. अंदाज मांडला तेव्हा त्यांचं बोलणं बरंच आटोपतं झालं.

फरक कशात आहे? माझ्या मते खोडण्याच्या किमतीत. ‘लाईट गेलीय ना?’ला ‘नाही, बिल’ म्हणायला कुणाला काही लागत नाही. ‘सर्दी झालीय ना?’ला ‘सर्दी आहेच, पण खरं म्हणजे छातीत धडधडतंय’ म्हणायला धीर लागतो. समोर डॉक्टर, बाहेर रांग, कागदावर सर्दी लिहिलेली. माणूस मान डोलावतो. समोरच्याला ‘नाही’ म्हणणं सोपं असेल तिथे अंदाज मांडावा. अवघड असेल तिथे तो गिळून मोकळं विचारावं. आपल्याकडच्या सरकारी टेबलावर ही दुसरी स्थिती कितीदा असते याचा विचार करा. साहेबांनी ‘उत्पन्नाचा दाखला ना?’ म्हटलं की समोरचा शेतकरी ‘हो साहेब’ म्हणतो, आणि अर्ज भरल्यावर कळतं की त्याला हवा होता रहिवासाचा.

आणि मोकळं विचारलं की ऐकावंही लागतं. हॉवर्ड बेकमन आणि रिचर्ड फ्रँकेल यांनी १९८४ मध्ये ७४ भेटी तपासल्या. रुग्णाला बोलतं केल्यावर डॉक्टरांनी सरासरी १८ सेकंदांत त्याला अडवलं होतं. आपलं पहिलं म्हणणं पुरं करता आलेले रुग्ण होते १७. सुरुवातीचा प्रश्न कितीही सुरेख असला, तरी पुढची अठरा सेकंदं हातची गेली की त्याचा उपयोग शून्य.

आपला स्वतःचा पहिला प्रश्न बरा आहे की नाही, हे कळायला सर्वेक्षण लागत नाही. समोरच्याचं पहिलं वाक्य ऐकायचं. ‘हॅलो? ऐकू येतंय का?’ आलं, तर वाक्य यंत्रानं म्हटल्यासारखं वाटलं. ‘हे कुठलं ऑफिस?’ आलं तर नाव हवेत गेलं. ‘मला ना, जरा विचारायचं होतं...’ असं रेंगाळणारं काही आलं तर कोऱ्या पाटीचा भार पडलाय. आणि तीच तक्रार माणसानं पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतली, तर पहिल्यांदा ती कुणी ऐकलीच नव्हती असं त्याला वाटलंय. वीसेक फोन असे कान देऊन ऐकले की कोणता शब्द बदलायचा ते आपोआप दिसतं.

पहिल्या प्रश्नाला एक धाकटं भावंडही आहे : ‘अजून काही?’ तेही तितकंच शिळं. त्यावर हेरिटेज आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये एक सुंदर प्रयोग छापला. २० डॉक्टर, २२४ रुग्ण. रुग्णांनी आत जाण्याआधी आपल्या सगळ्या तक्रारी कागदावर लिहिल्या होत्या, म्हणजे कोणती तक्रार सांगायची राहिली ते नंतर मोजता आलं. काही डॉक्टरांना इंग्रजीत असा प्रश्न विचारायला सांगितला की ज्याचा कल ‘नाही’कडे होता. काहींना जवळजवळ तोच प्रश्न, एक शब्द बदलून, ‘हो’कडे झुकलेला. ‘हो’कडे झुकलेल्या प्रश्नानं न सांगितलेल्या तक्रारी ७८ टक्क्यांनी घटल्या. ‘नाही’कडे झुकलेल्या प्रश्नानं फरकच पडला नाही, तो विचारला काय आणि न विचारला काय.

मराठीत हे झुकणं सहज साधतं. ‘अजून काही नाही ना?’ हा प्रश्न विचारतानाच दार लावतो. ‘अजून काही आहे का?’ जेमतेम उघडतो. ‘आणखी काय काय काम आहे?’ असं विचारलं की दुसरं काम असणं गृहीत धरलं जातं आणि माणूस ते सांगून टाकतो. त्या प्रयोगात वेळेचाही भाग होता. डॉक्टरांनी हा प्रश्न अगदी शेवटी न विचारता, पहिली तक्रार ऐकून झाल्याबरोबर विचारला होता. आपल्या टेबलांवर तो नेमका उलट्या वेळी येतो : शिक्का मारून झाला, पावती फाडली, पुढच्याला खूण केली, आणि मग ‘अजून काही?’

गर्दीच्या दिवशी प्रत्येकाला असं विचारत बसणं शक्य नाही, हे मान्य. लाईट गेल्याच्या फोनवर तर त्याची गरजही नाही. पण पारोळ, भाताणे, खानिवडे अशा पूर्वेकडच्या गावांतून बसनं वसईला आलेल्या माणसाला दुसरं काम घरी गेल्यावर आठवलं, तर त्याची आणखी एका दिवसाची मजुरी जाते. सातबारा मागायला आलेल्या अशा माणसाला उतारा छापायला घेण्याआधी विचारावं : ‘सातबारा देतोच. आणखी कशाकशासाठी आलात?’ बहुधा फेरफार निघतो, नाहीतर वारसनोंद.